बारा मिनिटांचं कुरण

२ जानेवारी, जळगाव

आज माझ्या चेहऱ्याचा साचा घेतला. गरम पाण्यातून काढलेली जाळीदार प्लास्टिकची चादर भूषणने माझ्या तोंडावर ताणून बसवली आणि थंड होऊन कडक होईपर्यंत धरून ठेवली. भूषण म्हणजे किरणांचे शेक देणारा तंत्रज्ञ. वय फार तर अठ्ठावीस, मला मॅडम म्हणतो, हात मात्र जुन्या माणसासारखे शांत. मग साच्याच्या कडा टेबलाला खटक्यांनी अडकवल्या आणि म्हणाला, "आता मान हलवून दाखवा." हलेना. तो खूश झाला, मी नाही.

जिभेच्या डाव्या कडेची हरभऱ्याएवढी गाठ नोव्हेंबरात काढली. डॉक्टर म्हणतात, कडेला काही पेशी राहिल्या असतील तर त्या मारायला तीस शेक हवेत. रोज एक, शनिवार-रविवार सुट्टी. एक शेक बारा मिनिटांचा. बारा मिनिटं साच्यात निपचित पडायचं आणि मध्ये खंड पडू द्यायचा नाही, एवढंच माझं काम.

एकोणतीस वर्षं धुळ्याच्या शाळेत पोरांना "हलू नका" म्हणत आले. आता माझी पाळी. पण खरं लिहिते. मला लिफ्टचंसुद्धा भय वाटतं. दुसऱ्या मजल्यावर जायला मी जिना चढते आणि लोकांना सांगते की व्यायाम होतो.

५ जानेवारी

नाही जमलं.

खटके लागले, जड दार बंद झालं, आणि मला एकदम वाटलं की आता कुणी दार उघडणारच नाही. हातात रबरी फुगा दिला होता, घाबरलात तर दाबा म्हणून. मी तो असा दाबला की फुटला असता. एक मिनिटसुद्धा झालं नव्हतं.

बाहेर राजदीप उभे. नवरा म्हणून मी त्यांना एकतीस वर्षं ओळखते. दीपनगरच्या वीजकेंद्रात कंट्रोल रूममध्ये नोकरी केलेला माणूस, सायरन वाजला तरी चहाचा कप खाली न ठेवणारा. आज त्यांचा चेहरा खडूसारखा पांढरा होता. तो बघून माझं उरलंसुरलं बळ गेलं.

६ जानेवारी

आज तयारीने गेले. माझ्याकडे हत्यार होतं ना! बायबलमधलं तेविसावं स्तोत्र. मेंढपाळाचं. संडेस्कूलात तीस वर्षं शिकवलंय मी ते. आमच्याकडे दर नाताळला वचन-पाठांतराची स्पर्धा असते. जो न चुकता सर्वांत लवकर म्हणेल तो पहिला. माझा स्वतःचा विक्रम अडतीस सेकंदांचा आहे आणि धुळ्यात तो अजून कुणी मोडलेला नाही.

साच्यात पडल्या पडल्या मनात सुरू केलं. परमेश्वर माझा मेंढपाळ आहे मला काही उणे पडणार नाही तो मला हिरव्या कुरणात... अडतीस सेकंदांत संपलं. पुन्हा म्हटलं. पुन्हा. सातव्या खेपेला श्वास छातीतच अडकला आणि फुगा दाबला. चार मिनिटं.

डॉक्टर रागावले नाहीत, म्हणूनच जास्त वाईट वाटलं. म्हणाले, "रोज गुंगीचं औषध देता येईल, पण तोंडातली जागा आहे, तीस दिवस ते नको वाटतं मला. उद्या नुसता सराव करा, साचा न अडकवता. परवा बघू." परवाही नाही जमलं तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

राजदीपना स्पष्ट सांगितलं. "तुम्ही धुळ्याला घरी जा. तुमचं तोंड बघितलं की माझी भीती दुप्पट होते. मी मृणालीकडे राहीन, एकटी येईन, एकटी जाईन." मृणाली माझी धाकटी बहीण, तिचं घर हॉस्पिटलपासून रिक्षाने दहा मिनिटं.

ते "बरं" म्हणाले. ह्या माणसाने आयुष्यात माझ्याशी वाद घातला नाही. ते बौद्ध घरातले, मी ख्रिस्ती. लग्नात दोन्हीकडच्यांनी आकांडतांडव केलं तेव्हाही ते "बरं" एवढंच म्हणाले होते आणि लग्न केलं होतं. दर रविवारी माझ्याबरोबर चर्चला येतात, शेवटच्या बाकावर बसतात, ओठ मिटून. मी कधी आग्रह केला नाही.

पण आज इतक्या चटकन निघाले, त्याचं थोडं लागलं मनाला.

७ जानेवारी

आज एक नग भेटला.

मी शेकाच्या खोलीबाहेर बाकावर बसून स्तोत्र पुटपुटत होते. शेजारी एक ठेलारीण, नाकात मोठी नथनी, हातभर बांगड्या, पायात जाड वहाणा. ठेलारी म्हणजे आपल्या साक्रीकडचे मेंढ्या राखणारे. दिवाळीनंतर कळप घेऊन निघतात ते पावसाळ्याच्या तोंडावर घरी येतात. तिचा नवरा उखर्डू, त्याचा शेक घशाला. त्याचा नंबर माझ्या आधी. तिचं नाव बेबाबाई.

"बाई, काय बडबडी राहिनात मघपासून?"

मी शिक्षिकेच्या आवाजात सांगितलं की हे आमच्या धर्मग्रंथातलं स्तोत्र आहे, दावीद नावाच्या राजाचं, तो आधी मेंढ्या राखायचा, आणि ह्यात देवाला मेंढपाळ म्हटलंय.

ती सरळच बसली. "तुमना देव मेंढ्या राखस?"

"हो."

"सोता? का गडी ठेवस?"

मला हसू आलं. तीस वर्षांत एकाही पोराने हा प्रश्न विचारला नव्हता. "स्वतः," मी म्हटलं. "पहिलं वचनच आहे, परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. आमचा नाही, माझा."

"मंग त्याले बठ्ठं ठाऊक व्हई," ती म्हणाली. "म्हना पुढे."

मी म्हटलं. सवयीने, अडतीस सेकंदांत. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"बाई, तुमी तर मेंढरं पळाडी राहिनात. पळता मेंढरूनं पोट भरत नही."

मी जरा दुखावून म्हटलं की दुसऱ्या वचनात तो मेंढरांना हिरव्या कुरणात बसवतोच की. ह्यावर तिने जे सांगितलं ते इथे नीट लिहून ठेवते, कारण संडेस्कूलच्या पुस्तकात ते नव्हतं. आमच्या पुस्तकात गोऱ्या मेंढपाळाच्या कडेवर गुबगुबीत कोकरू होतं, तेवढ्यावर मी तीस वर्षं काढली.

"मेंढरू दाबीसन बसाडता येस का? मानगूट दाबा, ते उठी उभं ऱ्हास. त्यानं पोट भरेल पाहिजे, माशी नको, लांडगानी भीती नको. तवय ते आपलं आपलं बसस. मंग रवंथ करस. ठेलारी बसाडस म्हनजे काय? तो नुसता तठे उभा ऱ्हास."

आणि तो संथ पाण्याजवळ नेतो, असं पुढे आहे, ते? वाहत्या पाण्याला मेंढरू तोंड लावत नाही म्हणे. नाकात पाणी गेलं की बुजतं, आणि लोकर भिजली की जड होऊन वाहून जातं. म्हणून गिरणा नदीला पाणी जोरात असलं की ते काठाला दगड लावून डबकं करतात आणि मग पाजतात.

सरावाला आत गेले तेव्हा साचा नुसता तोंडावर ठेवला. मी एकच वाक्य म्हटलं. तो तिथे उभा आहे. पुढे गेलेच नाही.

८ जानेवारी

जमलं!!

पहिला शेक. पूर्ण बारा मिनिटं. फुगा हातात होता, दाबला नाही. भूषणने दार उघडलं तेव्हा मी त्याला साच्यातूनच "आमेन" म्हटलं, ते त्याला "आ" ऐकू आलं आणि तो बिचारा धावत आला.

हिशेब असा बसवला. आधी मशीन फोटो काढतं, तेव्हा पहिलं वचन. मग टेबल केसभर सरकतं, तेव्हा दुसरं. मग मशीन डोक्याभोवती गुणगुणत फिरतं, तेव्हा तिसरं-चौथं. उलट फिरतं तेव्हा पाचवं-सहावं. एका वचनाला दोन मिनिटं. दोन मिनिटांत एक वचन म्हणजे किती हळू, ते करून बघितल्याशिवाय कळणार नाही. एकेका शब्दाजवळ थांबावं लागतं. "उणे" ह्या शब्दाजवळ आज मी चांगली थांबले. मला काही उणे पडणार नाही म्हणजे मागेन ते मिळेल, असं मी पोरांना सांगायचे. तसं नाहीये ते. जिभेचा तुकडा उणा झालाच आहे की माझा. पण ह्या बारा मिनिटांना जेवढं लागतं तेवढं आहे, एवढंच ते वाक्य सांगतं.

संध्याकाळी राजदीपना फोन केला. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "अभिनंदन." माझ्या आवाजावरून कळलं असेल.

१३ जानेवारी

चौथा शेक. तिसऱ्या वचनावर बेबाबाईशी भांडण झालं आणि मी हरले.

"तो माझा जीव ताजातवाना करतो." मी सांगितलं की मूळ हिब्रूत "जीव परत आणतो" असं आहे, हे मी शिबिरात शिकले होते. ती म्हणाली की मग बरोबर आहे. गाभण किंवा लोकर वाढलेली मेंढी कधी खळग्यात उताणी पडते आणि तिला उठता येत नाही. पाय वर, पोट फुगतं, तासा-दोन तासांत मरते. "तिले उठाडीसन लगेच सोडानं नही. पाय चोळाना, दोन्ही पायमा धरीसन उभं ठेवानं. रगत पायमा येस. मंग ती चालस."

म्हणजे मी साच्यात उताणी पडलेली मेंढीच. मनात म्हटलं, बाई गं, हे दावीदाला माहीत होतं आणि तुला माहीत नव्हतं.

पण भांडण पुढच्या ओळीवर. "आपल्या नावासाठी तो मला नीतिमार्गाने चालवतो." मी म्हटलं, ह्याचा अर्थ आपण चांगलं वागलं पाहिजे. ती मोठ्याने हसली, पार कंपाउंडर वळून बघायला लागला.

"मेंढरू कसानं चांगलं वागस वं? मेंढरू मरनं तं नाव कोनं जास? ठेलारीनं जास. एरंडोलना बजारमा लोक म्हनतीन, उखर्डूनी मेंढरं मारी टाकी. मेंढरूले कोन नाव ठेवस?"

दहा दिवस मी माझं धैर्य तपासत होते, आज किती आहे, उद्या पुरेल का. आणि त्या ओळीत माझ्या धैर्याचं नावच नाही. अब्रू पणाला लागलीय ती मेंढपाळाची. हे कळल्यावर मला इतकं हलकं वाटलं की मी तिच्या पिशवीतली बाजरीची भाकरी मागून खाल्ली. चावताना जीभ झोंबली. झोंबू दे.

२१ जानेवारी

दहावा. तोंडात फोड. लाळ चिकट झालीय, गिळताना काच गिळल्यासारखं होतं. चव गेली. चहा कोमट लाकडासारखा लागतो. मृणाली मऊ खिचडी करते आणि मी जेवत नाही म्हणून दाराआड रडते. मी वजनाची धास्ती घेतलीय, कारण भूषण म्हणाला की वजन घटलं तर साचा सैल होईल आणि नेम चुकेल.

आज नीट म्हणता आलं नाही. मन भरकटलं. पण फुगा दाबला नाही.

२९ जानेवारी

पंधरावा. आजचं सविस्तर लिहायचंय.

मशीन गुणगुणत अर्ध्यावर आलं, मी चौथ्या वचनाच्या तोंडाशी होते, आणि एकदम सगळं बंद पडलं. गुणगुण थांबली. दिवे गेले. मिट्ट काळोख, पंखा बंद, आणि मी टेबलाला खिळलेली. मग कोपऱ्यात एक बारीकसा दिवा लागला.

मला वाटलं होतं की असं कधी झालं तर मी जाळी दातांनी फाडीन. बोटं फुग्यावर गेली. आणि मनात जे चालू होतं ते पुढे सरकलं. मृत्युच्छायेच्या दरीतून जात असलो तरी मी कोणत्याही अरिष्टाला भिणार नाही, कारण तू माझ्याबरोबर आहेस.

तू.

हे मी पोरांना शेकडो वेळा सांगितलंय, फळ्यावर अधोरेखित करून. पहिली तीन वचनं "तो" म्हणतात. तो बसवतो, तो नेतो, तो चालवतो. हिरवळीवर असताना मेंढरू धन्याबद्दल बोलतं. दरीत शिरल्याबरोबर ते धन्याशी बोलायला लागतं. परीक्षेत चार गुणांचा प्रश्न होता हा. आज काळोखात मला कळलं की हा प्रश्न नव्हताच. मी "तू" म्हटलं, आणि खोलीत मी एकटी नव्हते. ह्याहून जास्त मला लिहिता येत नाही.

दरी चुकून आलेली नाही, असंही बेबाबाईने सांगितलं होतं. वरच्या माळावरचा चारा संपला की खालच्या चाऱ्याकडे जायला वाट दरीतूनच असते. नीतिमार्गच तो. आणि "तून" आहे ते, दरीत मुक्काम नाही. मेंढरू जनावराला भितं, पण अरुंद वाटेत काठीचं टोक पाठीला लागलं की त्याला समजतं की धनी हाताच्या अंतरावर आहे. "तुझा सोटा आणि तुझी काठी मला धीर देतात" असं त्याच वचनात पुढे आहे, त्यातला सोटा लांडग्यासाठी, काठी मेंढरासाठी. काठी मारायची असते असं मी शिकवत आले होते, शाळामास्तरीणच ती!

भूषण बॅटरी घेऊन आत आला. "मॅडम, लाईन गेली, जनरेटरवर मशीन परत चढायला पाच-सात मिनिटं लागतील. खटके काढू का? काढले तर सगळं पुन्हा जुळवायचं, पुन्हा फोटो. नाही काढले तर तसंच पडून राहावं लागेल. काढायचे असतील तर एक बोट."

मी मूठ घट्ट मिटून दाखवली.

तो तिथेच उभा राहिला, माझ्या खांद्यावर हात ठेवून. मशीन आलं. दोन्ही फेऱ्या झाल्या. बाहेर आल्यावर त्याने सहकाऱ्याला सांगितलेलं मी ऐकलं, "अशी पेशंट पाहिली नाही." मी कॉलर ताठ करून चालले, साडीला कॉलर नसते तरी.

संध्याकाळी राजदीपचा फोन. "मशीन ट्रिप झालं की पुन्हा लोड घ्यायला वेळ लागतोच. घाबरायचं नसतं." मी म्हटलं, तुम्हाला कसं कळलं? तर म्हणाले, जळगावला लाईन गेल्याचं कुणीतरी बोललं. धुळ्यात लोकांना काही कामधंदे नाहीत बहुतेक.

४ फेब्रुवारी

एकोणिसावा. पाचवं वचन. "माझ्या शत्रूंच्या देखत तू माझ्यापुढे ताट वाढतोस."

मी बेबाबाईला समजावलं की इथे चित्र बदलतं. आता देव मेंढपाळ नाही, यजमान आहे. पाहुण्याला तंबूत घेतो, डोक्याला तेल लावतो, प्याला काठोकाठ भरतो. तंबूत घेतलेल्या पाहुण्याला शत्रू हात लावू शकत नाही, अशी तिकडची रीत. तिला हे पटलं, कारण त्यांच्याकडेही वाड्यावर, म्हणजे मेंढ्यांच्या मुक्कामावर, आलेल्या माणसाला आधी पाणी आणि भाकरी, मग चौकशी. पण तेल मेंढराचंच, असं तिचं म्हणणं. शिंगाजवळ जखम झाली की माशी बसते, किडे पडतात, म्हणून हळद-तेल लावतात. "डोकाले तेल लावाले वाकनं पडस. राजा वाकी का? ठेलारी वाकस." वाद अनिर्णित.

दुपारी मृणालीने ताट वाढलं. पातळ वरण, मऊ भात, घोटलेलं केळं. मी त्या फोडांना म्हटलं, बसा समोर आणि बघा. शत्रू निघून जातील मग जेवू, असं वचनात नाहीच. ते बघत असतानाच जेवायचं. पाऊण तास लागला. ताट स्वच्छ केलं. मृणाली आज दारासमोर रडली.

गेल्या शुक्रवारी वजन केलं होतं. फक्त दीड किलो घट, साचा फिट्ट.

११ फेब्रुवारी

चोविसावा. उखर्डूआबांचा परवा शेवटचा शेक, म्हणून बेबाबाई घाईत होती. "शेवटलं वचन सांगा."

"माझ्या आयुष्याचे सर्व दिवस कल्याण आणि दया माझ्या पाठोपाठ येतील, आणि परमेश्वराच्या घरात मी चिरकाल राहीन."

पाठोपाठ म्हणजे नुसतं मागे येणं नाही, मूळ शब्द पाठलाग करण्याचा आहे, हे मी सांगितलं. तिने मान डोलावली. कळप निघतो तेव्हा पुरुष पुढे चालतो, ते जग बघतं. पण मागून बाई येते, घोड्यावर बिऱ्हाड घेऊन. वाटेत व्यालेली मेंढी, लंगडं कोकरू, थकलेलं म्हातारं, सगळं तीच उचलते. "कळप मांगे वळीसन पाहत नही. त्याले वाटस, आपुन एकलाच चालनूत."

मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमना बी तेच."

"माझं काय?"

"तुमना मांगे रोज एक मानूस येस ना. निळी टोपी. तुमी आत गयात का तो त्या खांबाआड बसस. तुमी निंघनात का तो तुमनी रिक्षा जावापर्यंत उभा ऱ्हास. लाईन गयी त्या दिन तो दारले हात लाईसन उभा व्हता. मी इचारं, कोन शेतस तुमी? तो म्हने, बाईले सांगू नका, तिले मना तोंडनी भीती वाटस."

निळी टोपी दीपनगरच्या निरोप-समारंभातली. मीच इस्त्री करते तिला.

धुळ्याहून जळगाव, पारोळा-एरंडोल मार्गे, जाऊन येऊन पाच तासांची बस. रोज. चोवीस शेक आणि त्याआधीचा सरावाचा दिवस.

मी खांबाकडे गेले नाही. आत जाऊन पडले, खटके लागले, आणि सहावं वचन सर्वांत आधी म्हटलं. साच्यात रडता येत नाही, नाक बंद होतं. तरी थोडं रडले. भूषणने मायक्रोफोनवर विचारलं, "ठीक?" मी अंगठा वर केला.

बाहेर आल्यावर सरळ खांबाशी गेले. ते उठून उभे राहिले, चोरी पकडल्यासारखे.

"जेवलात का?" मी विचारलं.

"बरं," ते म्हणाले. प्रश्न काय, उत्तर काय.

१३ फेब्रुवारी

बेबाबाई गेली. कळप भडगावकडे सरकलाय, शेतकरी शेतात मेंढ्या बसवायला बोलावतायत, लेंडीखतासाठी. मी तिला विचारलं की शेवटच्या ओळीतलं घर तुला कसं वाटतं, तुम्हाला तर आठ महिने घरच नाही. ती म्हणाली, "जठे कळप बसस ना, तठे घर शे."

आमच्याकडे हे स्तोत्र मयताला वाचतात. घर म्हणजे स्वर्ग, असं सगळे धरून चालतात, मीसुद्धा. खरं सांगायचं तर साच्यात ती ओळ मी रोज घाईने उरकत होते. आज रात्रीचं जेवण झाल्यावर टिपणांची जुनी वही फोनवरून राजदीपना शोधायला लावली. त्यात माझ्याच अक्षरात आहे की शब्दशः अर्थ "दिवस लांबतील तितके दिवस". मरणाबद्दल एक अक्षर नाही. जगण्याचं स्तोत्र आहे हे.

२० फेब्रुवारी

तिसावा!!! काल शिवजयंतीची सुट्टी, म्हणून एक दिवस लांबला.

झालं. एकही खाडा नाही. डॉक्टरांनी तोंडात बघून सांगितलं की जखमा भरायला महिना-दीड महिना, चव हळूहळू येईल, पुढची तपासणी एप्रिलमध्ये. गाठीबद्दल बोलताना म्हणाले, "जे करायचं ते पूर्ण झालंय, तुमच्याकडून आणि आमच्याकडून." मला तेवढं पुरे. भूषण म्हणाला, पहिल्या दोन दिवसांत वाटलं होतं की ही बाई काही परत येत नाही.

बसमध्ये राजदीप माझ्या शेजारी बसले. मागच्या बाकावर नाही.

२२ फेब्रुवारी, धुळे

चर्चमध्ये पाळकांनी साक्ष द्यायला, म्हणजे अनुभव सांगायला, उभं केलं. आवाज घोगरा, जीभ जड, घशाला कोरड. भाषण जमणार नव्हतं. म्हटलं, मी फक्त स्तोत्र म्हणते. संडेस्कूलची पोरं पुढेच बसली होती, एकाने घड्याळसुद्धा लावलं.

मी हळू म्हटलं. पहिलं वचन, थांबले. दुसरं, थांबले. लोक आधी चुळबुळले, मग शांत झाले. चौथ्याला "तू" म्हटलं, ते वचन पुरं केलं आणि तिथे माझी लाळ संपली. जीभ टाळूला चिकटली. तोंड उघडलं, आवाज नाही. पाण्याची बाटली बाकावर राहिलेली. सगळी मंडळी माझ्याकडे बघतायत आणि मी उभी.

शेवटच्या बाकावरून आवाज आला.

"तू माझ्या डोक्याला तेल लावतोस. माझ्या शत्रूंच्या देखत माझ्यापुढे ताट वाढतोस. माझा प्याला भरून वाहतो."

राजदीप उभे होते. निळी टोपी हातात. एकतीस वर्षांत त्या इमारतीत पहिल्यांदा तोंड उघडलं. माना वळल्या तसे ते लाजले, पण बसले नाहीत. पाचवं वचन पूर्ण केलं आणि माझी वाट बघत राहिले. नंतर त्यांनी सांगितलं की खांबाआड बसून दुसरं करणार काय, मीही रोज बारा मिनिटं म्हणत होतो. विश्वासाचं मला विचारू नकोस, तू आत होतीस म्हणून म्हणत होतो.

आमच्याबरोबर धुळ्याला आलेल्या मृणालीने बाटली आणून दिली. मी पाणी प्याले, सावकाश. सहावं वचन आम्ही दोघांनी मिळून म्हटलं, त्यांनी मागून, मी पुढून.

तेल आधी आणि ताट नंतर, असा त्यांचा क्रम चुकला होता. पोरांपैकी एकाने हात वर करून मला ते दाखवलंही. मी त्याला म्हटलं, त्यांनी म्हटलं तेच बरोबर आहे.